पंधरा येतात, पण का?

मा. संपादक,

आपल्या पुरवणीतल्या कोड्यांच्या पानावर जादूच्या चौरसाचं कोडं होतं: १ ते ९ हे आकडे तीन बाय तीनच्या चौरसात असे भरा की प्रत्येक आडव्या, उभ्या ओळीची आणि दोन्ही कर्णांची बेरीज सारखीच यावी. त्याचं उत्तर छापलं आहे, पण कारण एका वाक्यात उरकलं आहे: १ ते ९ ची बेरीज ४५, ओळी तीन, म्हणून प्रत्येक ओळीत १५. हे अर्धंच झालं. बेरजा सारख्या असतील तर त्या १५ च असणार, एवढंच त्यातून कळतं. त्या मुळात सारख्या का होतात? नऊ आकडे कसेही विखरून टाका, तिन्ही ओळी मिळून ४५ च भरतात.

चौरस असा होता:

२ ७ ६
९ ५ १
४ ३ ८

यातली प्रत्येक संख्या दोन भागांत फोडता येते: ०, ३, ६ पैकी एक मोठा भाग आणि १, २, ३ पैकी एक छोटा. ७ म्हणजे ६ अधिक १, तर ९ म्हणजे ६ अधिक ३. तसं फोडून दोन वेगळे चौरस मांडले की गुपित उघडं पडतं. मोठ्या भागांचा चौरस:

० ६ ३
६ ३ ०
३ ० ६

आणि छोट्या भागांचा:

२ १ ३
३ २ १
१ ३ २

पहिल्यात प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत ०, ३, ६ एकेकदाच आले आहेत, म्हणजे ९. दुसऱ्यात १, २, ३ एकेकदा, म्हणजे ६. दोन्ही मिळून १५. शिवाय मोठ्या-छोट्या भागांची कोणतीही जोडी दोनदा जुळत नाही, म्हणून १ ते ९ पैकी एकही आकडा पुन्हा येत नाही.

कर्णांचं प्रकरण मात्र नाजूक आहे. पहिल्या चौरसाच्या एका कर्णावर ३, ३, ३ आहेत, दुसऱ्याच्या एका कर्णावर २, २, २. तिथे वेगवेगळे आकडे नाहीत, तरी बेरीज बिघडत नाही, कारण पुन्हा पुन्हा येणारा आकडा नेमका मधला आहे. ३ हा ०, ३, ६ चा मध्य, २ हा १, २, ३ चा.

हे पटत नसेल तर मूळ चौरसाची वरची ओळ उचलून तळाला ठेवा. आडव्या-उभ्या बेरजा १५ च राहतात, पण एक कर्ण ९, ३, ६ असा होऊन १८ भरतो आणि दुसरा १, ३, २ असा ६. आता ३, ३, ३ च्या जागी कर्णावर ०, ०, ० आले आहेत आणि २, २, २ च्या जागी ३, ३, ३. (मुलांनी केलेले 'जवळजवळ बरोबर' चौरस बहुतेक इथेच अडकलेले मला दिसले.)

दोन चौरस एकमेकांवर ठेवण्याची ही युक्ती नारायण पंडिताने १३५६ मधल्या 'गणितकौमुदी'त दिली आहे. त्या दोन चौरसांना तो छाद्य आणि छादक म्हणतो, म्हणजे झाकला जाणारा आणि झाकणारा.

पुढच्या वेळी उत्तराच्या चौरसाशेजारी हे दोन चौरसही छापावेत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त गणितशिक्षक