पाटल्या आधी सोडवू

दुबई
11 जानेवारी 2026, रविवार

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

संक्रांत तीन दिवसांवर आली. इथे खोलीत आम्ही सहा जण. कोणाच्या तरी घरून तिळाची वडी आली आहे, म्हणजे तिळगूळ तेवढा आहे. परवा रात्री फोनवर तुझा-माझा दोघांचाही आवाज चढला आणि तू फोन अण्णांकडे दिलास. तेव्हापासून मला नीट झोप नाही. फोनवर मी घाईने बोलतो आणि तू रडवेली होतेस, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी कागदावर लिहितो आहे. शांतपणे वाच आणि अण्णांनाही वाचून दाखव.

तुझं म्हणणं मी नीट समजून घेतलं आहे. 17 मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो. छोटीचं लग्न 2024 च्या फेब्रुवारीत झालं, म्हणजे धाकट्या जावयांचा हा पहिलाच धोंडा. मागच्या अधिकात, 2023 च्या श्रावणात, मोठ्या दाजींना आपण पाच ग्रॅमची अंगठी घातली होती. आता धाकट्यांना तेवढीच घातली नाही, तर छोटीला सासरी ऐकून घ्यावं लागेल अशी तुला भीती आहे. शिवाय सोन्याचा भाव रोज चढतोय, म्हणून आत्ताच सराफाकडे इसार देऊन ठेवायचा तुझा विचार आहे. एका आईचं हे म्हणणं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. तरीही इसार देऊ नकोस, असंच माझं सांगणं आहे. का, ते आकड्यांनी सांगतो. तुझ्या आहेराच्या वहीत तू प्रत्येक आकडा लिहून ठेवतेस, म्हणून तुला ते पटतील.

मोठ्या दाजींच्या अंगठीची पावती मी मोबाइलमध्ये जपून ठेवली आहे. 22 कॅरेटचं पाच ग्रॅम सोनं, ग्रॅमला 5,500 रुपयांनी 27,500. त्यावर बारा टक्के मजुरी 3,300 आणि एकूण रकमेवर तीन टक्के जीएसटी. सगळे मिळून 31,724 रुपये. चांदीची वाटी, कपडे आणि जेवणावळ धरून हिशेब पन्नास हजारांच्या पुढे गेला. ते पैसे घरात नव्हते, म्हणून तू हातातल्या पाटल्या पतपेढीत ठेवून 40,000 रुपयांचं सोनेतारण काढलंस. मी तेव्हा फोनवर ‘काढ, मी फेडतो’ म्हणालो होतो, हे मी विसरलेलो नाही.

आई, ते मी फेडलं नाही. व्याज बारा टक्के, म्हणजे महिन्याला 400 रुपये. 2024 च्या जुलैत आपण 4,800 रुपये व्याज भरून तारण नवं करून घेतलं. 2025 च्या जुलैत पुन्हा तेच केलं. त्यानंतरच्या सहा महिन्यांचे 2,400 आता चढले आहेत. तीस महिन्यांत व्याजाचेच 12,000 झाले आणि मुद्दल जिथल्या तिथे, 40,000. व्याज वेळेवर भरलं जातं, पतपेढीतून नोटीस येत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की सगळं सुरळीत आहे. सुरळीत असतं तर पाटल्या तुझ्या हातात असत्या. छोटीच्या लग्नात तू दोन्ही हातांत काचेचा चुडा भरून पदर पुढे घेऊन बसली होतीस, आणि फोटो काढताना तू हात मागे घेतलास, तो फोटो माझ्याकडे आहे.

आता नव्या अंगठीचं बघू. तुला सराफाने सांगितलेला आकडा सत्तर हजारांच्या पुढचा आहे. वजन तेच, पाच ग्रॅम. तू म्हणतेस, दोन्ही जावयांत बरोबरी हवी. पण बरोबरी कशाची, वजनाची की पैशांची? वजनाची धरली तर धाकट्यांवर मोठ्यांच्या दुपटीहून जास्त खर्च होतो. उद्या ताईने वहीत ते पाहिलं, तर तिला काय वाटेल? पैशांची धरली तर 31,724 रुपयांत आज मजुरीसकट जेमतेम दोन ग्रॅमची अंगठी बसते, आणि दाजींच्या अंगठीशेजारी ती अगदीच लहान दिसेल. छोटीला नेमकं तेच टोचेल. म्हणजे कुठल्याही बाजूने गेलो, तरी सोन्यात बरोबरी होतच नाही. ज्या दिवशी आपण वाणात सोनं आणलं, त्या दिवशी आपण भावाच्या हातात सापडलो. अधिक महिना साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी फिरून येतो, आणि तेवढ्या काळात भाव कुठे जाईल हे कोणी सांगावं?

इसार दिला तर भाव बांधला जाईल, असंही तू म्हणालीस. पण पुढचे साठ-पासष्ट हजार कुठून आणायचे? पुन्हा पतपेढी, आणि या वेळी तारण ठेवायला तुझं मंगळसूत्रच उरलं आहे. मी हे होऊ देणार नाही, आई. एवढ्या एका गोष्टीत मी तुझं ऐकणार नाही.

आता माझी चूक सांगतो, कारण तुला एकटीला दोष दिला तर ते खोटं होईल. 2024 च्या दिवाळीला मी आलो तेव्हा बॅग भरून आणली होती. मामांना अत्तर, आत्याला बदाम-पिस्ते, चुलत भावंडांना चॉकलेटं आणि घड्याळं, शेजारच्यांनाही काही ना काही. त्याचे 1,800 दिरहम झाले, म्हणजे आपले चाळीस हजारांवर. अण्णांनी विचारलं तेव्हा मी निम्मा आकडा सांगितला. त्यानंतरचे दोन महिने मी तुम्हाला 35,000 ऐवजी 25,000 पाठवले, आणि कंपनीने ओव्हरटाइम बंद केला असं कारण दिलं. ते खरं नव्हतं. किराणा दुकानाच्या वहीवर तेव्हा चढलेली उधारी तू पुढे पाडव्यापर्यंत थोडी थोडी करून फेडलीस, हे मला ताईकडून कळलं. परदेशातून आलेला मुलगा रिकाम्या हाताने आला असं कोणी म्हणू नये, म्हणून मी ते केलं. तू अंगठीसाठी झुरतेस, तेही याच भीतीने. आपण दोघंही एकाच जागी हळवे आहोत.

म्हणून माझा विचार असा आहे. सप्टेंबरच्या रजेसाठी मी 45,000 रुपये बाजूला ठेवले आहेत. तिकीट कंपनी देते. हे पैसे भेटवस्तूंसाठीच होते. ते मी या आठवड्यात पाठवतो. त्यातून 40,000 मुद्दल आणि 2,400 व्याज भरून पाटल्या सोडव. भरताना पतपेढीतून नेमकी रक्कम विचारून घे, दिवसांच्या हिशेबाने थोडा फरक पडेल. पाटल्या घेताना वजन करून बघ आणि तारणाची मूळ पावती रद्द झाल्याचा शिक्का मारून घे. मी गणपतीला येईन तो एक किलो खजूर घेऊन. 15 सप्टेंबरला ऋषिपंचमीचा आपल्या तासगावचा रथ आहे, सगळे पाहुणे आपल्याकडे येतील. कोणी विचारलं, ‘या वेळी काय आणलं?’ तर उत्तर मी देईन, तू मान खाली घालू नकोस.

आणि धोंडा आपण व्यवस्थित करू. दोन्ही लेकी-जावयांना एकाच दिवशी बोलाव, म्हणजे दोघांचं वाण एकासारखं एक होईल आणि तुलना करायला जागा राहणार नाही. तांब्याचं ताट, त्यात तेहतीस अनारसे, वर दिवा. अधिकात मान असतो तो जाळीदार पदार्थाला, आणि तुझ्या अनारशासारखी जाळी गावात कोणाच्या अनारशाला पडत नाही. तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलायचं, हे तू कधी चुकवत नाहीस. अर्धा किलो तांदूळ, तेवढाच गूळ, तूप आणि खसखस, याला किती पैसे लागतात? लेकीला दोन हजारांपर्यंत साडी, जावयाला दीड हजाराचं कापड, ताट-दिव्याचे आठशे, सामानाचे धरून एका जोडीला पाच हजार. दोन्हींचे दहा, आणि पुरणाच्या धोंड्यांचं जेवण दोन हजारांत होईल. हे बारा हजार मी एप्रिल आणि मे असे दोन महिने सहा-सहा हजार जादा पाठवून देतो. घरखर्चाच्या 35,000 ला हात लावायचा नाही. अण्णांची रक्तदाबाची औषधं आणि दुधाचं बिल त्यातूनच जायला हवं.

अण्णांना त्यांच्या पहिल्या धोंड्याला आजीने काय दिलं होतं, ते तूच मला सांगितलं होतंस. ताम्हण आणि धोतरजोडी. ते ताम्हण अजून देवघरात आहे, त्यात तू रोज देवांना आंघोळ घालतेस. छोटीच्या सासरी कोणी अंगठीचा विषय काढला, तर धाकट्या जावयांशी मी स्वतः बोलेन. मोठ्यांना दिली तेव्हा कर्ज काढून दिली आणि ते कर्ज आत्ता फिटतंय, हे खरं ते सांगेन. ते समजूतदार आहेत, लग्नात त्यांनी हुंड्याचा शब्द काढू दिला नव्हता. छोटीला मात्र तू आधीच सांग. तिला ऐनवेळी ताटात बघून कळलं, तर वाईट वाटेल.

पुढचा अधिक महिना 2029 च्या मार्चमध्ये, चैत्रात आहे. येत्या जूनपासून महिना 1,000 रुपयांचं आवर्ती खातं बँकेत उघड, पतपेढीत नको. तेहतीस हप्ते भरले की 33,000 आणि वर व्याज. तेव्हा जे द्यायचं ते त्यातून, मग चांदी घे किंवा सोनं, मी विचारणार नाही. दिवाळीच्या भाऊबीजेचं आणि साड्यांचं वेगळं बोलू, आज त्यात शिरत नाही.

एक राहिलं. अधिकात लेकी आईची ओटी भरतात. ताई आणि छोटी ओटी भरतील तेव्हा पाटल्या घालून पाटावर बस आणि फोटो काढून मला पाठव.

येत्या शुक्रवारी दुपारी दोननंतर फोन करतो. तोवर सराफाकडे जाऊ नकोस. अण्णांना नमस्कार, ताईच्या पोरांना गोड पापा.

तुझा,
बाळू

ता. क. तिळगूळ घे आणि परवाच्या माझ्या बोलण्याचा राग सोड. पतपेढीची पावती देवघराच्या वरच्या फळीवर आहे, पंचांगाच्या मागे. तूच तिथे ठेवली होतीस.