डीडीपीचा दर लावून माल डीएपीवर पाठवल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, निर्यात विभाग

विषय: आयात ड्युटी व कर आमच्याकडून वसूल झाल्याबाबत

महोदय,

आपण दोन दर दिले होते: डीएपी 10,000 डॉलर आणि डीडीपी 12,800 डॉलर. वरच्या 2,800 मध्ये 5 टक्के ड्युटीचे 500, त्यावर 20 टक्के आयात कराचे 2,100 आणि क्लिअरन्सचे 200 असा हिशेब आपणच लिहून दिला होता. आमची ऑर्डर ‘डीडीपी, आमचे गोदाम, इनकोटर्म्स 2020’ अशी होती आणि 12,800 आम्ही आगाऊ भरले.

माल मात्र कस्टम्समध्ये अडकला. कुरिअरच्या वेबिलवर ड्युटी भरणाऱ्याच्या रकान्यात ‘प्राप्तकर्ता’ आहे आणि इन्व्हॉइसवर डीएपी छापले आहे. या दोन नोंदी पाहिल्यावर कुरिअर बिल आमच्याकडेच पाठवणार, त्यात त्याची चूक नाही.

‘दारापर्यंत पोहोचवले, कस्टम्स तुमचे’ हे आपले उत्तर डीएपीला लागू पडते. माल ठरलेल्या जागी, गाडीतून उतरवायला तयार स्थितीत देणे दोन्ही अटींत सारखेच आहे. फरक आयातीचा: डीएपीत क्लिअरन्स आणि ड्युटी खरेदीदाराकडे, डीडीपीत ए7 आणि ए9 नुसार विक्रेत्याकडे. कर वगळायचा असता तर करारात तसे स्पष्ट लिहावे लागले असते. आमच्या देशात आयातदार म्हणून उभे राहणे आपल्याला शक्य नव्हते, तर डीडीपीचा दर द्यायलाच नको होता.

याहून महाग पडलेली चूक इन्व्हॉइसमध्ये आहे. आपण 12,800 हा एकच आकडा टाकला. आयात देशातील ड्युटी व कर वेगळे दाखवले तर ते मूल्यांकनातून वगळता येतात. येथे ते मालाच्या किमतीतच मिसळले गेले. म्हणजे ड्युटीवरही ड्युटी बसली: 12,800 वर 640, आणि 13,440 वर कर 2,688. मिळून 3,328, जिथे 2,600 पुरे होते. माल सोडवण्यासाठी ही रक्कम, क्लिअरन्सचा खर्च आणि साठवणूक भाडे आम्ही भरले आहे. हे पैसे हक्क राखून भरले आहेत, अट बदलायला संमती म्हणून नाही.

आमची मागणी अशी. 2,800 डॉलर परत करावेत, कारण ते ज्या कामासाठी घेतले ते काम आम्ही केले. साठवणूक भाडे आपल्याकडे लागते, पावती सोबत आहे. मालाची किंमत, ड्युटी, कर आणि क्लिअरन्स वेगवेगळे दाखवणारा दुरुस्त इन्व्हॉइस तातडीने पाठवावा, म्हणजे जादा गेलेल्या 728 डॉलरच्या परताव्यासाठी कस्टम्सकडे अर्ज करता येईल. अशा अर्जाला मुदत असते. आपल्या विलंबाने ती हुकली, तर ही रक्कमही आपल्याकडूनच घेऊ. आयातपत्र आमच्या नावे असल्यामुळे कराची वजावट आम्हाला मिळाली, तर तेवढी रक्कम आपल्या खात्यात वळती करू; तीच रक्कम दोनदा घ्यायची नाही.

आपला,
खरेदी विभाग प्रमुख

सोबत: दोन्ही दरपत्रके, ऑर्डर, इन्व्हॉइस, वेबिल, कस्टम्सचा भरणा, भाड्याची पावती