एकविसाव्या दिवसाच्या तपासणीबद्दल आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय: प्रोजेस्टेरॉन तपासणीच्या छापील अर्जावरून 'दिवस २१' हे शब्द काढून टाकण्याबाबत

मंत्रिमहोदय,

मूल राहत नाही म्हणून तपासायला आलेल्या बाईच्या हातात जी चिठ्ठी पडते, तिच्यावर एक ओळ अनेकदा आधीच छापलेली असते: 'सिरम प्रोजेस्टेरॉन, दिवस २१'. कळवा असो, दिवा असो की तुर्भे, ओळ तीच. पाळी किती दिवसांनी येते, हा प्रश्न त्या चिठ्ठीवर नसतो. आमची तक्रार तपासणीबद्दल नाही. स्त्रीबीज बाहेर पडलं की नाही, हे स्वस्तात सांगणारी ती चांगली तपासणी आहे. तक्रार त्या २१ या आकड्याबद्दल आहे.

तो आला कुठून, ते आधी सांगतो. पाळी बरोबर २८ दिवसांची धरली तर स्त्रीबीज साधारण चौदाव्या दिवशी बाहेर पडतं आणि त्यानंतर सात दिवसांनी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन सर्वांत जास्त असतं. चौदा अधिक सात, एकवीस. हिशेब चुकीचा नाही, पण तो २८ दिवसांच्या पाळीपुरताच आहे. २४ ते ३८ दिवसांतली कोणतीही पाळी वैद्यकशास्त्र आज नॉर्मल धरतं. मग ३५ दिवसांची पाळी असलेल्या बाईचा एकविसावा दिवस म्हणजे नेमका कोणता दिवस? याचं उत्तर मेंदू आणि बीजकोश एकमेकांशी कसे बोलतात त्यात आहे, म्हणून थोडं तिकडे वळावं लागेल.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आहे. तिथून जीएनआरएच नावाचं हार्मोन थेंबाथेंबाने, ठरावीक अंतराने सुटतं. पाळीच्या पहिल्या भागात साधारण तास-दीड तासाने एक ठोका पडतो. त्या ठोक्यावर पिट्युटरी ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही दोन हार्मोन रक्तात सोडते. आधीच्या महिन्यात फुटलेल्या पुटकाचा झालेला पीतपिंड, म्हणजे कॉर्पस ल्युटियम, सुकला की एफएसएच वर चढतं आणि बीजकोशातली काही बीजपुटकं, म्हणजे स्त्रीबीज ज्यांत वाढतं त्या पिशव्या, वाढायला लागतात. वाढताना ती इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन बी तयार करतात आणि हे दोन्ही पिट्युटरीला सांगतात की एफएसएच आता कमी कर. एफएसएच घटलं की बाकीची पुटकं मागे पडतात. साधारण १० मिलिमीटरच्या पुढे गेलेलं एखादंच पुटक कमी एफएसएचवरही तग धरतं आणि रोज दीड-दोन मिलिमीटरने वाढत राहतं.

इथवरचा कारभार सोसायटीच्या टाकीतल्या फ्लोटसारखा आहे. पाणी चढलं, फ्लोट वर आला, पंप बंद. पण यानंतर जे होतं ते कोणत्याही टाकीत होत नाही. मोठ्या पुटकातून येणारं इस्ट्रोजेन सुमारे २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर जाऊन जवळजवळ दोन दिवस तिथेच टिकलं, की त्याचा परिणाम उलटतो. जो फ्लोट पंप बंद करत होता, तोच आता पंप पूर्ण ताकदीने सुरू करतो. एलएचचा मोठा लोंढा येतो आणि तो सुरू झाल्यापासून साधारण ३४ ते ३६ तासांनी पुटक फुटून स्त्रीबीज बाहेर पडतं. त्या वेळी पुटक १८ ते २४ मिलिमीटरचं झालेलं असतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. लोंढा कधी येणार, हे कॅलेंडर ठरवत नाही. पुटक पुरेसं वाढलं की तो येतो. ताप आला, वजन झपाट्याने उतरलं, थायरॉइड बिघडलं, प्रोलॅक्टिन वाढलं, की पुटकाची वाढ रखडते आणि लोंढाही पुढे जातो. काही बायकांत तर काहीही बिघडलेलं नसतं, पुटक मुळातच सावकाश वाढतं. पाळीची लांबी कमीजास्त होते ती बहुतांशी याच पहिल्या भागात.

दुसरा भाग त्यामानाने शिस्तीचा. फुटलेल्या पुटकाचा पीतपिंड होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन तयार करू लागतो. प्रोजेस्टेरॉन मेंदूतले ठोके मंदावतं, ते तीन-चार तासांनी एक असे पडू लागतात, आणि त्या काळात दुसरा लोंढा येऊ शकत नाही. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड साधारण दोन आठवड्यांत सुकतो, प्रोजेस्टेरॉन कोसळतं आणि पाळी येते. दोन-तीन दिवस इकडेतिकडे होतात, पण पहिल्या भागासारखा दहा-पंधरा दिवसांचा फरक सहसा पडत नाही. म्हणून तपासणीचा दिवस मागच्या पाळीपासून पुढे मोजायचा नसतो. येणाऱ्या पाळीपासून सात दिवस मागे यायचं असतं.

आता एक उदाहरण कागदावर मांडू. समजा, एका बाईची पाळी दर ३५ दिवसांनी येते आणि ती १ जूनला आली. पुढची ६ जुलैला येणार. त्यातून १४ दिवस वजा केले तर स्त्रीबीज २२ जूनच्या आसपास सुटणार, आणि प्रोजेस्टेरॉन तपासण्याचा योग्य दिवस २९ जून. चिठ्ठीवर मात्र 'दिवस २१' आहे, म्हणून ती २१ जूनला रक्त देऊन येते. त्या दिवशी तिचं पुटक फुटायच्या बेतात आहे, पीतपिंड अजून जन्मालाच आलेला नाही. रिपोर्ट येतो ०.७ नॅनोग्रॅम. ३ च्या वर आकडा असला की स्त्रीबीज सुटलं असं मानतात, तेव्हा शेरा पडतो: 'ओव्हुलेशन होत नाही'. ज्या बाईला दोन दिवसांत दिवस राहण्याची सर्वांत चांगली संधी होती, तिला त्याच आठवड्यात वांझपणाचा कागद मिळतो.

खरं नुकसान पुढे आहे. हा शेरा पाहून पुढच्या महिन्यात कुणी तिला 'पाळी नियमित करायला' सोळाव्या ते पंचविसाव्या दिवसापर्यंत मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन किंवा नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या देतं. २८ दिवसांच्या पाळीत सोळाव्या दिवशी स्त्रीबीज सुटून गेलेलं असतं. हिच्या बाबतीत मात्र सोळाव्या दिवशी पुटक जेमतेम १० मिलिमीटरचं आहे आणि लोंढा यायला अजून चार-पाच दिवस आहेत. त्या वेळी बाहेरून प्रोजेस्टेरॉनसारखं औषध गेलं की मेंदूतले ठोके मंदावतात आणि इस्ट्रोजेन कितीही चढलं तरी लोंढा अडू शकतो. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांत लोंढा अवेळी येऊ नये म्हणून याच गुणाचा मुद्दाम उपयोग करतात. इथे तो नकळत होतो. गोळ्या बंद झाल्यावर दोन-चार दिवसांत रक्तस्राव होतो आणि सगळे खूश, कारण पाळी 'अठ्ठावीसची झाली'. प्रत्यक्षात त्या महिन्यात स्त्रीबीज सुटलेलंच नसू शकतं. आधी जो रोग नव्हता तो उपचाराने आणला, आणि पुढच्या महिन्याची २१ व्या दिवसाची तपासणी आता त्याला दुजोरा देणार.

उलट बाजूही आहे. पाळी २४ दिवसांची असेल तर योग्य दिवस सतरावा. एकविसाव्या दिवशी पीतपिंड उतरणीला लागलेला असतो, आकडा कमी येतो आणि 'प्रोजेस्टेरॉन अपुरं' म्हणून आधाराच्या गोळ्या सुरू होतात. या आकड्यावर तसाही फार भार टाकू नये. पीतपिंड प्रोजेस्टेरॉन सलग सोडत नाही, एलएचच्या ठोक्याबरोबर झटक्यात सोडतो. एकाच बाईत एकाच दिवसात तो काही तासांच्या अंतराने ३ च्या आसपास आणि २० च्या वरही सापडू शकतो. स्त्रीबीज सुटलं का, याचं उत्तर एक नमुना देतो. पीतपिंड 'पुरेसा' आहे का, याचं देत नाही. केस गळतात म्हणून बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांत काही मशीनवर हा आकडा खोटाच जास्त येतो, तेही रक्त घेणाऱ्याने विचारलेलं बरं.

मंत्रिमहोदय, यासाठी नवं मशीन नको, नवी योजनाही नको. सरकारी दवाखान्यांत आणि शिबिरांत वापरला जाणारा अर्ज बदलावा, एवढंच मागणं आहे. 'दिवस २१' च्या जागी चार रिकाम्या ओळी हव्यात: शेवटच्या पाळीची तारीख, गेल्या सहा महिन्यांतली सर्वांत लहान आणि सर्वांत लांब पाळी किती दिवसांची, रक्त घेतल्याची तारीख, आणि त्यानंतर पाळी प्रत्यक्षात कधी आली ती तारीख. ही चौथी ओळ सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती नंतर भरायची आहे. पाळी रक्त घेतल्यापासून पाच ते नऊ दिवसांत आली, तर नमुना योग्य वेळी घेतला होता असं धरावं. तीन आठवड्यांनी आली, तर नमुना फार लवकर घेतला होता. कमी आकड्याला अर्थ नाही, तपासणी पुन्हा. म्हणून पाळी येईपर्यंत 'ओव्हुलेशन होत नाही' असा शेरा कुणी लिहू नये.

ज्यांची पाळी कधी ३० दिवसांनी तर कधी ४५ दिवसांनी येते, त्यांना एकच तारीख देता येत नाही. त्यांचं पहिलं रक्त सर्वांत लहान पाळीच्या हिशेबाने घ्यावं, म्हणजे ३० उणे ७, तेविसाव्या दिवशी, आणि मग पाळी येईपर्यंत दर आठवड्याला एकदा. एक जरी आकडा ३ च्या वर गेला तरी तिथे थांबावं. वर्षाला चार-पाचच पाळ्या येत असतील तर या तपासणीत पैसे घालवू नयेत. थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि पीसीओएसच्या तपासण्या आधी कराव्यात. अशा बायकांना घरी लघवीत एलएच पाहण्याच्या पट्ट्याही जपून द्याव्यात, कारण पीसीओएसमध्ये एलएच मुळातच चढलेलं असतं आणि पट्टी लोंढा नसतानाही दोन सारख्याच गडद रेघा दाखवू शकते.

आणखी एक ओळ अर्जावर हवी: 'गेल्या दोन महिन्यांत पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या का?' गौरी-गणपती आणि नवरात्राच्या आधी ठाण्यातल्या कोणत्याही औषधाच्या दुकानात या गोळ्यांना किती मागणी असते, हे दुकानदारच सांगेल. त्या महिन्यातल्या पाळीवरून काढलेली तारीख धरू नये. गोळ्यांनंतरचा रक्तस्राव सोडून त्यापुढच्या पाळीपासून मोजायला घ्यावं.

अर्ज बदलेपर्यंत आशाताईंच्या हाती एक वाक्य दिलं तरी काम सुरू होईल: पुढची पाळी ज्या तारखेला येईल असं वाटतं, तिच्या सात दिवस आधी रक्त द्यायला या, आणि पाळी आली की तारीख कळवा.

आपले,
ठाणे आणि नवी मुंबई येथील काही स्त्रीरोगतज्ज्ञ, परिचारिका व लॅब तंत्रज्ञ