ईडिपस कळसूत्री बाहुली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील ग्रीक शोकांतिकांवरचा लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल आभार. पण 'भाकीत आधीच झाले असल्याने ईडिपसने काय केले याला अर्थ उरत नाही, तो नियतीच्या हातची कळसूत्री बाहुली आहे' हे वाक्य वाचून राहवले नाही. लेखकाने दंतकथेचा सारांश वाचला असावा. सोफोक्लीसचे नाटक वाचणाऱ्याच्या हातून हे वाक्य उतरणार नाही.

नाटकाचा पडदा उघडतो तेव्हा भाकीत खरे होऊन कित्येक वर्षे लोटली आहेत. बाप मारला गेला आहे, आईशी लग्न झाले आहे, चार मुले आहेत. डेल्फीच्या मंदिरातून आलेल्या अपोलो देवाच्या वाणीत जेवढे होते तेवढे घडून गेले आहे. मग रंगमंचावर आपण पाहतो ते काय? ईडिपस राज्य करतो त्या थीब्जमध्ये साथ पसरली आहे, आधीच्या राजाचा खुनी शोधून हाकला असा देवाचा निरोप आला आहे, आणि तो शोध ईडिपस घेतो आहे. हा शोध त्याने कसा घ्यावा, कुठे थांबावा, हे कोणत्याही देववाणीने सांगितलेले नाही.

तो थांबू शकला असता, आणि सोफोक्लीस त्याला पुन्हा पुन्हा थांबायची संधी देतो. मेहुणा क्रेऑन देवाचा निरोप घेऊन येतो तेव्हा 'हवे तर आत जाऊन सांगतो' असे सुचवतो. ईडिपस म्हणतो, सर्वांसमोर सांग. मग खुन्याला तो सगळ्या नगरीसमोर शाप देतो, म्हणजे माघारीची वाट स्वतःच बंद करतो. अंध द्रष्टा टायरेसियस बोलायला तयार नसतो, त्याला हा डिवचून बोलायला लावतो. त्याची बायको, म्हणजेच आई, जोकास्टा हिच्या लक्षात सत्य आधी येते. जिवाची आण घालून ती म्हणते, आता चौकशी नको. शेवटी त्याच्या जन्माचे गुपित जाणणारा म्हातारा मेंढपाळ गयावया करतो, तर त्याचे हात मागे पिरगाळायचा हुकूम सुटतो. 'भयंकर बोलण्याच्या काठावर आलो आहे,' असे मेंढपाळ म्हणतो. 'आणि मी ऐकण्याच्या, तरी ऐकलेच पाहिजे,' असे उत्तर येते. बाहुली असे बोलत नाही. टायरेसियस आणि मेंढपाळावर धाकदपटशा करणारा हा तापट स्वभाव आणि सत्याचा हट्ट एकाच माणसाचे आहेत, म्हणून तर त्याच्या निवडी त्याच्या ठरतात.

आता नाटक सुरू होण्याआधीच्या भागाकडे पाहू. मेजवानीत एक दारुडा त्याला म्हणतो, तू तुझ्या बापाचा खरा मुलगा नाहीस. खात्री करायला तो डेल्फीला जातो. देव त्या प्रश्नाचे उत्तर देतच नाही; बापाला मारशील, आईशी संग करशील, एवढेच सांगतो. मूळ शंका तशीच राहिली, तरी ती मिटल्यासारखा तो लहानाचा मोठा झाला ते कॉरिंथ सोडतो आणि तिठ्यावर बापाच्या वयाच्या माणसाशी झुंजतो. (त्याला आधी बळजबरीने रस्त्यावरून हटवू पाहिले ते म्हाताऱ्याने आणि त्याच्या माणसाने हेही खरे, त्यामुळे दोष सरळ त्याच्या पदरात टाकता येत नाही.) भाकिताने टोक ठरवले, वाट नाही. तो म्हातारा म्हणजे त्याचा खरा बाप लायस; त्याने तीन दिवसांच्या बाळाचे घोटे जखडून त्याला डोंगरावर टाकायला दिले नसते, तर मुलाने बापाचा चेहरा ओळखला असता. भाकीत टाळण्याच्या धडपडीतूनच ते पुरे होण्याची वाट तयार झाली. आकाशवाणी ऐकून देवकीला कैद करणाऱ्या कंसाची कथा आपल्याला ठाऊक आहेच.

कोणी म्हणेल, टायरेसियसने तर तो आंधळा होऊन भटकेल हेही सांगितले होते. सांगितले होते, पण कोणाच्या हाताने, हे नाही. जोकास्टाच्या वस्त्रावरच्या सोन्याच्या पिना काढून डोळे फोडल्यावर ईडिपस स्वतःच हिशेब मांडतो: ही दुःखे अपोलोने पुरी केली, पण डोळ्यांवर पडलेला हात माझाच होता, दुसऱ्या कोणाचा नाही. एकाच दमात तो दोन्ही मान्य करतो. लेखात या ओळी येणे आवश्यक होते, त्याच नेमक्या गाळल्या आहेत.

जाता जाता आणखी एक. लेखाच्या चौकटीत 'आईविषयीच्या सुप्त इच्छेची कथा' असे छापले आहे. ती फ्रॉइडची विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरची मांडणी आहे. नाटकातला ईडिपस जिला आई समजतो ती कॉरिंथची मेरोपे, आणि तिच्या जवळही जायला लागू नये म्हणून तर त्याने घर सोडले. मेरोपेच्या धास्तीने तो, ज्याला बाप समजतो त्या पोलिबसच्या मृत्यूची बातमी आल्यावरही कॉरिंथला परतायला कचरतो. कृपया पुढच्या अंकात ही चौकट दुरुस्त करावी.

आपला,
एक वाचक