आपलं घर पंचेचाळीस शब्दांत

ऐरोली, रविवार रात्र

प्रिय आई, बाबा,

परवा फोनवर बाबा म्हणाले, "वाचलं गं सगळं. पण त्यात आपलं घर कुठे गेलं?" तेव्हा मी लोकलमध्ये होते, नुसतंच "मर्यादा होती" म्हणून वेळ मारून नेली. पण बाबांनी शब्दकोश घेऊन माझ्या एसओपीचे दोन्ही खर्डे वाचलेत, तर त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. म्हणून हे पत्र.

एसओपी म्हणजे विद्यापीठाच्या अर्जासोबतचं ते लेखी निवेदन: मला हेच का शिकायचंय, तिथेच का, आणि नंतर काय करणार. मर्यादा 1000 शब्दांची. माझा पहिला खर्डा झाला 1412. बाबांना जो आवडला तो हा. त्यात पहिले 290 शब्द 26 जुलै 2005 च्या पुराचे होते: कळव्याचं तळमजल्याचं घर, ओट्यावर मला मांडीत घेऊन बसलेली आई, कंपनीतून दुसऱ्या दिवशी दुपारी चालत आलेले बाबा, हातात चपला. सांताक्रूझचा 944 मिलिमीटर पाऊससुद्धा घातला होता. लिहिताना मी रडले होते, खोटं कशाला सांगू.

जास्तीचे 412 शब्द काढायला बसले तेव्हा आधी सगळे करतात तेच केलं. प्रत्येक परिच्छेदातून थोडं थोडं छाटलं. "आय वुड लाइक टू टेक धिस अपॉर्च्युनिटी टू" हे आठ शब्द एका फटक्यात गेले, वाक्याचं काहीच बिघडलं नाही. "आय बिलीव्ह दॅट" पाच ठिकाणी होतं, तेही गेलं. पण असा पालापाचोळा झाडून सत्तरच्या आसपास शब्द निघतात, त्यापुढे निघत नाहीत. मग मी विशेषणं, उदाहरणं, बारीकसारीक तपशील काढत सुटले आणि पहाटे दोनला 996 वर आले. खूश होऊन झोपले.

सकाळी ऑफिसातल्या सीनियर ताईंना वाचायला दिलं. त्यांनी एका वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारलं, "हे म्हणजे काय झालं गं?" वाक्य होतं: त्या सर्वेक्षणाने माझा दृष्टिकोन बदलला. एवढंच. त्या सर्वेक्षणात भेटलेल्या वाशीच्या एका आजींचा अख्खा प्रसंग आक्रसून एवढा उरला होता. आणि शेजारच्या परिच्छेदात माझे सहा सेमिस्टरचे मार्क मात्र तोऱ्यात उभे होते.

असं का होतं ते मला त्या दिवशी कळलं. कापताना मार्क, प्रोजेक्टचं नाव, सॉफ्टवेअरचं नाव हे सगळं 'माहिती' वाटतं, त्याला हात लावायला भीती वाटते. गोष्टीतले तपशील 'सजावट' वाटतात, म्हणून पहिला बळी त्यांचा. खरं तर उलटं आहे. मार्क गुणपत्रिकेत आहेत, नोकरीच्या तारखा बायोडेटात आहेत, आणि ते कागद त्याच अर्जाला जोडलेत. आजींच्या घरी काय झालं ते मात्र दुसऱ्या कुठल्याच कागदावर नाही.

तो प्रसंग मी तुम्हाला कधी धड सांगितलाच नाही. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठची सखल जमीन आहे, मोठ्या भरतीला खाडीचं पाणी काही रस्त्यांपेक्षा वर असतं. म्हणून सिडकोने इथे होल्डिंग पाँड ठेवले. भरती असेल तोवर पावसाचं पाणी तळ्यात साठतं आणि ओहोटी लागली की खाडीत जातं. मधे लोखंडी झडपा असतात, वरून बिजागरीवर लटकलेल्या. आतल्या पाण्याचा दाब जास्त झाला की उघडतात, बाहेरचं पाणी चढलं की त्याच दाबाने मिटतात. आमच्या कॉम्प्युटरमधल्या मॉडेलमध्ये मी धरलं होतं की झडप पूर्ण मिटते. त्यामुळे मॉडेल सांगत होतं की ज्या रात्री आजींच्या गल्लीत पाणी शिरलं, त्या रात्री ते शिरायलाच नको होतं.

आणि आजींच्या बैठ्या घरात दाराच्या चौकटीवर पेन्सिलची रेघ होती, जमिनीपासून दोन वीत. मी म्हटलं, पाऊस खूप झाला असेल. त्या म्हणाल्या, "पाऊस थांबून तास झाला होता गं, तेव्हा चढलं." मग मला दारातली कुंडी दाखवली. तुळस वरून खालपर्यंत करपलेली. "पावसाच्या पाण्याने तुळस जळते होय?"

मी तिथेच मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक उघडलं. आजींनी सांगितलेली वेळ आणि भरतीची वेळ जुळत होती. पावसाच्या जोराशी तिचा काही संबंध नव्हता. दुसऱ्या दिवशी ओहोटीला आम्ही झडप बघायला गेलो, तर खाली गोणपाट आणि एक फांदी अडकून वीतभर फट राहिलेली. पाणी आकाशातून आलंच नव्हतं, खाडीतून उलटं आलं होतं. मॉडेलमध्ये ती फट घातली तेव्हा मॉडेलमधलं पाणी आजींच्या रेघेच्या चार बोटं खालपर्यंत चढलं. तोवर मला वाटायचं, पूर म्हणजे पावसाचा हिशोब. त्या आठवड्यानंतर मी भरती आणि पाऊस एकत्र मांडायला लागले, आणि ते मला पुरेसं येत नाही हेही तेव्हाच कळलं. मला जे शिकायला जायचंय ते नेमकं हेच.

तर बाबा, आता तुमच्या प्रश्नाकडे येते. ताईंनी मला एक साधी गोष्ट करायला लावली. कोऱ्या कागदावर तीन वाक्यं लिहायची: आधी मी काय मानत होते, काय घडलं, नंतर मी काय वेगळं केलं. ही तीन वाक्यं ज्या प्रसंगाची लिहिता येतात, तोच कलाटणीचा. 2005 साठी मी खूप प्रयत्न केला, पण तिसरं वाक्य येईना. सात वर्षांची होते मी, नंतर काय वेगळं केलं? दुसरीत गेले. तो पूर आपल्या घराला घडला, माझ्या कामाची दिशा त्याने बदलली नाही. शिवाय आमच्या वयाचा, ठाण्या-मुंबईचा, पाण्यावर काम करणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याच दिवसापासून सुरुवात करत असणार. आजींची तुळस मात्र फक्त मीच बघितलीय.

मग मी 996 चा खर्डा बाजूला ठेवला आणि पुन्हा 1412 वर गेले. या वेळी समान छाटणी नाही. प्रत्येक परिच्छेद झाकून बघायचं, पुढचा त्याच्यावाचून उभा राहतो का? शेवटचे 62 शब्द (संधी दिल्यास मी आभारी राहीन वगैरे) सबंध गेले, कुणाला पत्तासुद्धा लागला नाही. कॉलेजचा परिच्छेद अर्ध्याहून कमी झाला. आपलं घर 290 वरून 45 वर आलं. आजींचा प्रसंग मात्र 240 चा 190 च झाला, आणि त्यातही काय ठेवायचं यावर मी दोन संध्याकाळी घालवल्या. त्यांनी दिलेला चहा गेला, गल्लीचं वर्णन गेलं, माझी घामाघूम अवस्था गेली. पेन्सिलची रेघ राहिली, कारण तिच्याशिवाय मॉडेल चुकलं हे कशावरून? तास आणि तुळस राहिली, कारण पाणी कुठून आलं हे त्यावरूनच कळतं. जो तपशील पुरावा देत होता तो ठेवला, जो नुसता चित्र रंगवत होता तो काढला. जीव तुटला, पण काढला. आणि "दृष्टिकोन बदलला" हे वाक्य आता कुठेच नाही. प्रसंग सांगितल्यावर त्याची गरजच उरली नाही.

गंमत म्हणजे एक परिच्छेद वाढला. 'तिथेच का' हा 180 चा 260 झाला. आधी तो कुठल्याही विद्यापीठाला चालला असता. आता झडपेच्या फटीपासून तो सरळ त्यांच्या कोणत्या विषयांकडे जातो ते लिहिलं. प्रसंग ठेवण्यात अर्थ असेल तर तो एवढ्याचसाठी. पुढच्या परिच्छेदांना त्याचा उपयोग नसेल तर कितीही सुंदर असो, तो किस्साच. एकूण झाले 980.

वीस शब्द मुद्दाम मोकळे ठेवलेत. अर्जाच्या रकान्याची मोजणी आणि आपल्या फाइलची मोजणी जुळेलच असं नाही. जोडरेघेने लिहिलेला शब्द एकीकडे एक मोजतात, दुसरीकडे दोन. ऑफिसातल्या एकाने मागे दुसऱ्या एका अर्जात मजकूर चिकटवला, रकान्याने मर्यादेपलीकडचा भाग गुपचूप गिळला आणि अर्ज अर्ध्या वाक्यावर संपला. त्याला कळलं ते भरून पाठवल्यावर. म्हणून मी चिकटवल्यावर अर्जाची पूर्वदृश्य पीडीएफ काढली आणि तिची फक्त शेवटची ओळ वाचली. होती शाबूत.

आजींना मी फोन करून विचारलं होतं, तुमच्या घरचं लिहू का म्हणून. त्या म्हणाल्या, "लिही, पण नवीन तुळस लावलीय तेही लिही." ते नाही बसलं. त्यांना सांगायचं राहिलंय.

आणि बाबा, त्या 45 शब्दांत काय आहे ते तुम्ही घाईत वाचलंत असं वाटतं. मराठीत थोडक्यात सांगते. "2005 च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरलं. वडील दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी पोहोचले. पाणी कुठून आलं, असं तेव्हा कुणीच विचारलं नाही." शेवटचं वाक्य थेट आजींच्या दारात नेतं, म्हणून ती तीन वाक्यं तिथे आहेत. चपला राहिल्या नाहीत, त्याबद्दल माफ करा. तो 290 वाला कागद मी टाकलेला नाही, गणपतीत गावी येईन तेव्हा आणते. आईला मोठ्याने वाचून दाखवायचाय.

आई, एक विचारायचंय. अर्ज गेलाय, हे त्यासाठी नाही, मलाच हवंय. त्या पाण्यानंतर आपल्या खिडकीतल्या कुंड्यांचं काय झालं होतं? गुलाब जगला होता का?

तुमची,
मनू