गावच्या घरातून

प्रिय आई, बाबा,

काल मांडवीने कणकवलीला उतरले, रिक्षा करून घरी पोचेपर्यंत सहा वाजले. फोनवर नीट सांगता आलं नसतं म्हणून लिहितेय. बाबा, तुम्हाला सगळे सांगतात ना की छप्पर गेलं, आता कौलं उतरवून पत्रे घाला, तसं अजिबात नाहीये. छप्पर गेलेलं नाही.

आज सकाळी शेजारच्या काकांनी एका सुताराला आणलं. तो शिडीवरून स्क्रूड्रायव्हर घेऊन एकेक वासा टोचत गेला, चांगल्या लाकडात टोक जेमतेम रुततं आणि कुजलेल्यात मुठीपर्यंत आत जातं. पडवीकडचे दोनच वासे गेलेत, बाकी सगळे खणखणीत! झालं असं की माकडांच्या उड्यांनी दोन कौलं सरकली, तिथून पाणी वाशावरून उतरत भिंतीच्या डोक्यापर्यंत गेलं, दर पावसात तेच, आणि ओलीवर वाळवी आली. चिऱ्यावरून मातीची बोटभर जाड रेघ थेट वर चढलीय, मी नखाने फोडली तर आत पांढऱ्या किड्यांची धावपळ. सुतार म्हणाला, "बाय, चुलीचो धूर बंद झालो, तशी ही वर चढली." आजी होती तोवर रोज दोन वेळा धूर वर जायचा आणि वासे कसे काळेकुळकुळीत दिसायचे, आठवतं? आजोबा दर मे महिन्यात कौलं परतून घ्यायचे, ते आपण इतकी वर्षं केलंच नाही. मीसुद्धा पुण्यातून एकदाही आले नाही, त्याचं मला खूप वाईट वाटतंय.

एक कौल उतरवून धुतलं, मागे बासेल मिशनचा छाप आणि 1865. बाबा, तुम्ही म्हणायचात घर त्या साली बांधलंय, पण ते मंगळूरच्या कारखान्याचं स्थापनेचं साल आहे, नंतर बनलेल्या कौलांवरही तेच असायचं. कौल मात्र अजून शाबूत आहे, बोटाने वाजवलं की टणटण आवाज येतो. अशी कौलं काढून पत्रे घालायचे म्हणजे उन्हाळ्यात माजघरात बसवणार नाही आणि पावसाच्या आवाजात आई तुला झोप लागणार नाही.

दोन वासे आणि त्यावरच्या रिपा बदलायच्या, फुटकी कौलं बदलायची, जमिनीजवळ वाळवीचं औषध मारायचं, एवढंच काम आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत व्हायला हवं म्हणून मी पंधरा दिवस इथेच थांबते, लॅपटॉप आणलाय, रेंज खळ्यात येते.

दुपारी चूल पेटवली. सुरुवातीला नुसताच धूर, डोळे चुरचुरले, मग लाकडं धरली आणि चहा झाला. बाबा, तुम्ही पत्र्यांचा अॅडव्हान्स देऊ नका प्लीज. आणि आई, देवघरामागच्या फडताळाची चावी सापडत नाहीये, आजी कुठे ठेवायची ते फोन करून सांग.

तुमची,
ताई