पितळी सूक्ष्मदर्शकाचे चुकीचे वर्णन व अपूर्ण संच यांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : जुन्या लाइट्झ सूक्ष्मदर्शकाची पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावर ‘अर्न्स्ट लाइट्झ, वेट्झलार, १८९०, संपूर्ण संच, मूळ भिंगे’ असे वर्णन असलेला पितळी सूक्ष्मदर्शक मी विकत घेतला. त्या वर्णनातील निर्मात्याचे नाव तेवढे खरे आहे. बाकीचे वर्णन वस्तूशी जुळत नाही.

नळीवर निर्मात्याच्या नावाखाली १२४३१८ हा क्रमांक कोरलेला आहे. लाइट्झने आपला एक लाखावा सूक्ष्मदर्शक १९०७ साली रॉबर्ट कॉख यांना आणि दीड लाखावा १९१२ साली पाउल एर्लिख यांना दिला, हे सर्वज्ञात आहे. म्हणजे हे उपकरण या दोन वर्षांच्या दरम्यानचे असून १८९०चे असणे शक्यच नाही. क्रमांक आपल्याच छायाचित्रात दिसत असताना सन चुकीचे छापले गेले आणि किंमतही त्या सनावरच आकारली गेली, याचा मला खेद वाटतो.

अधिक गंभीर बाब भिंगांची आहे. तेलाचा थेंब लावून वापरायचे १/१२चे ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नमुन्याजवळचे भिंग, मी काढले आणि उजेडाकडे धरून मागील बाजूने हातभिंगातून पाहिले, तेव्हा आत कडेपासून मध्याकडे पसरत गेलेली, नेच्याच्या पानासारखी नक्षी आणि इंद्रधनुषी कडी स्पष्ट दिसली. जोडभिंगे चिकटवणारे कॅनडा बाल्सम सुटल्याची ही खूण आहे. हा दोष दोन काचांच्या मधला असल्याने पुसून जात नाही. भिंगे उकलून नव्याने चिकटवावी लागतात आणि इतक्या लहान, पितळेत घट्ट बसवलेल्या भिंगांच्या बाबतीत ते काम फारच थोडे कारागीर करू शकतात. आपल्या प्रतिनिधीने फोनवर सुचवलेल्या ‘साफसफाई’चा येथे काहीही उपयोग नाही.

संचही संपूर्ण नाही. पेटीतील पितळी डब्यांवर ३, ६ आणि १/१२ असे कोरलेले असताना ६ क्रमांकाच्या जागी १६० असा आकडा असलेले दुसऱ्याच निर्मात्याचे ऑब्जेक्टिव्ह बसवलेले आहे. आटे प्रमाणित असल्यामुळे ते सहज बसते आणि वरवर पाहता बदल लक्षात येत नाही. परंतु १६० हा आकडा १६० मिलिमीटर लांबीच्या नळीचा आहे, तर लाइट्झची त्या काळची ऑब्जेक्टिव्हे १७० मिलिमीटर लांबीच्या नळीसाठी घडवलेली असत; म्हणजे हे ऑब्जेक्टिव्ह या संचातले नाही. मंचाखालचा, नमुन्यावर प्रकाश एकवटणारा कंडेन्सर तर नाहीच, त्याची कडी रिकामी आहे, आणि त्याच्याविना १/१२चे ऑब्जेक्टिव्ह धड असते तरी पूर्ण क्षमतेने वापरता आले नसते.

मूळ सोनेरी लॅकर मात्र शाबूत आहे, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. त्यामुळे उपकरण परत नेल्यावर ते घासू वा चकाकवू नये, ही विनंती.

या पत्रापासून १५ दिवसांत संपूर्ण रक्कम परत करावी, वस्तू नेण्याचा खर्च आपण सोसावा आणि पुढील ग्राहकासाठी वर्णन दुरुस्त करावे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल. क्रमांकाची, भिंगांची व डब्यांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपला,
एक ग्राहक, पुणे